प्रारंभिक उकलीचे मोल : वाहतूक-समस्येवरील काही निबंधांची चिकित्सा

वाहतूक-समस्येची प्रारंभिक उकल काढण्याची एखादी ‘नवी’ पद्धत मांडणारे निबंध संक्रियाविज्ञानाच्या नियतकालिकांतून वारंवार दृष्टीस पडतात. त्यांची रचना बहुधा एकाच साच्याची असते. आरंभी समस्येची व्याख्या येते. मग वायव्य कोपरा पद्धत, किमान खर्च पद्धत आणि व्होगेल यांची पद्धत यांचा परिचय येतो. त्यानंतर लेखकाची पद्धत पायऱ्यापायऱ्यांनी सांगितलेली असते. दोनचार लहान उदाहरणे सोडविली जातात आणि शेवटी एक कोष्टक येते. त्या कोष्टकात प्रत्येक पद्धतीने काढलेल्या प्रारंभिक उकलीचा एकूण खर्च दिलेला असतो. वायव्य कोपऱ्याचा आकडा सर्वांत मोठा, किमान खर्चाचा त्याहून लहान व लेखकाच्या पद्धतीचा सर्वांत लहान असतो. यावरून नवी पद्धत ‘अधिक कार्यक्षम’ असल्याचा निष्कर्ष काढलेला असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंधही आता याच वळणावर जाऊ लागले आहेत. म्हणून त्या शेवटच्या कोष्टकातील आकडे नेमके कशाचे मोजमाप करतात, हा प्रश्न एकदा नीट विचारून घेणे इष्ट होईल. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, ते आकडे पद्धतीचे मोजमाप करीतच नाहीत.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहू. अनेक उत्पादनस्थळांहून अनेक गावी माल कमीतकमी खर्चात कसा पोचवावा, हा प्रश्न हिचकॉक यांनी १९४१ साली गणिती स्वरूपात मांडला. डँट्झिग यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सिंप्लेक्स पद्धती या समस्येस कशी लावावी ते दाखविले. ती पद्धती कोठून तरी सुरू करावी लागते आणि त्यासाठी कोणती तरी एक शक्य उकल हाताशी असावी लागते. कोष्टकाच्या वरच्या डाव्या घरापासून पुरवठा व मागणी संपवीत पायऱ्यांसारखे खाली उतरावयाचे, ही सर्वांत सोपी युक्ती होय. नकाशात वर उत्तर व डावीकडे पश्चिम धरतात, म्हणून तो कोपरा वायव्येचा ठरला. चार्न्स व कूपर यांनी उकल सुधारण्याची रीत ‘पायदगडांच्या’ रूपकाने १९५४ साली समजावून दिली, आणि राइनफेल्ड व व्होगेल यांच्या १९५८ च्या पुस्तकातून व्होगेल यांची पद्धत प्रचारात आली. या साऱ्या खटाटोपात प्रारंभिक उकल हे साध्य नव्हते. ती प्रवासाच्या आरंभीची पायरी होती; मुक्कामाचे ठिकाण इष्टतम उकल हेच होते. निबंधांच्या कोष्टकांत नेमकी हीच गोष्ट निसटते.

विवेचन मोघम राहू नये म्हणून एक उदाहरण संपूर्ण सोडवून पाहू. अ, ब, क असे तीन कारखाने आहेत आणि प, र, स, ह असे चार बाजार आहेत. घरांतील आकडे दर नगामागे वाहतुकीचा खर्च रुपयांत दाखवितात.

| | प | र | स | ह | पुरवठा |
|---|---|---|---|---|---|
| अ | ५ | ४ | ९ | ८ | ३० |
| ब | ६ | ८ | १२ | ३ | ५० |
| क | ७ | ६ | ४ | २ | ४० |
| मागणी | २० | ४० | ३५ | २५ | १२० |

वायव्य कोपऱ्यापासून सुरुवात केली तर अ–प या घरात २० नग बसतात व प ची मागणी संपते. अ कडे उरलेले १० नग र ला जातात. र ची उरलेली ३० ची मागणी ब भागवितो आणि त्याचे उरलेले २० नग स ला जातात. शेवटी क कडून स ला १५ व ह ला २५ नग मिळतात. एकूण खर्च ७३० रुपये येतो. या सबंध कृतीत खर्चाच्या एकाही आकड्याकडे आपण पाहिले नाही, हे येथेच ध्यानी घ्यावे.

किमान खर्च पद्धतीत सर्वांत स्वस्त घर आधी भरावयाचे. ते क–ह, खर्च २ रुपये. तेथे २५ नग बसतात व ह ची मागणी संपते. ब–ह हे ३ रुपयांचे घर त्यामुळे बाद होते. पुढे ४ रुपयांची दोन घरे आहेत : अ–र मध्ये ३० व क–स मध्ये १५ नग बसतात. आता फक्त ब उरला आणि त्याला उरलेल्या मागण्या निमूटपणे पुरवाव्या लागतात : प ला २०, र ला १० आणि स ला २०. या शेवटच्या २० नगांना दर नगी १२ रुपये पडतात. एकूण खर्च ६७० रुपये होतो.

रूढ साच्याचा निबंध येथेच थांबतो आणि ७३० व ६७० हे दोन आकडे कोष्टकात लिहितो. आपण पुढे जाऊ. भरलेल्या प्रत्येक घरात u + v = खर्च असे ओळींचे व स्तंभांचे अंक काढून रिकाम्या घरांचे परीक्षण केले, तर दोन्ही उकलींत ब–ह हे घर दर नगी ७ रुपयांची बचत दाखविते. कारण उघड आहे. क ने ह चा माल स्वस्तात पुरविला खरा, परंतु त्यापायी ब ला स कडे महाग माल न्यावा लागला. ब–ह व क–स वाढवून ब–स व क–ह तितकेच घटविले की दर नगी १२ + २ ऐवजी ३ + ४ रुपये पडतात. हा फेर जास्तीतजास्त २० नगांचा होऊ शकतो, म्हणून प्रत्येक उकलीत १४० रुपये वाचतात. किमान खर्चाची उकल ५३० वर येते, वायव्य कोपऱ्याची ५९० वर.

वायव्य कोपऱ्याच्या उकलीत आता ब–प हे घर दर नगी ३ रुपयांची बचत दाखविते. अ–प व ब–र यांतील २० नग काढून ते ब–प व अ–र मध्ये घातले की खर्च ५३० होतो. गंमत अशी की, ही उकल आणि किमान खर्च पद्धतीची एका पायरीनंतरची उकल या दोन्ही घरोघर एकच आहेत. येथून पुढे दोघांची वाट एक होते : क–र या घरात ५ नग आणले की ब–र व क–ह मधून ५ नग कमी होतात, ब–ह मध्ये ५ वाढतात आणि खर्च ५२५ होतो. या उकलीत अ कडून र ला ३०. ब कडून प ला २०, र ला ५ व ह ला २५. क कडून र ला ५ व स ला ३५ नग जातात. पुन्हा परीक्षण केले तर रिकामे एकही घर बचत दाखवीत नाही. म्हणून ही इष्टतम उकल होय.

हिशेब मांडला तर काय दिसते ? किमान खर्च पद्धतीला इष्टतम उकलीपर्यंत दोन पायऱ्या लागल्या, वायव्य कोपऱ्याला तीन. कोष्टकातील ६० रुपयांच्या फरकाची खरी किंमत एक पायरी एवढीच होती. आणि ती एक पायरी वाचविण्यासाठी किमान खर्च पद्धतीला स्वस्त घर शोधीत सारे कोष्टक पुनःपुन्हा चाळावे लागले होते. लाभ कोणत्या बाजूला पडतो हे ७३० व ६७० या आकड्यांवरून कळत नाही. ते कळण्यासाठी आरंभीचा शोध व नंतरच्या पायऱ्या या दोहोंची बेरीज करावी लागते.

हा झाला पहिला आक्षेप. याहून गंभीर असा दुसरा आक्षेप वायव्य कोपऱ्याच्या आकड्याविषयी आहे. ही पद्धत खर्चाकडे पाहत नाही, हे प्रत्येक निबंध सांगतो. परंतु त्यातून काय निष्पन्न होते, याचा विचार क्वचितच आढळतो. खर्च पाहिला नाही म्हणजे उकल केवळ कारखाने व बाजार कोणत्या क्रमाने लिहिले यावर ठरते. तो क्रम समस्येत दिलेला नसतो. तो लिहिणाऱ्याच्या मर्जीचा भाग असतो. वरील कोष्टकात बाजार र, प, ह, स या क्रमाने लिहा, कारखाने जसेच्या तसे ठेवा. अ चे ३० नग र ला जातात; ब कडून र ला १०, प ला २०, ह ला २०; क कडून ह ला ५ व स ला ३५. खर्च ५३० येतो, म्हणजे किमान खर्च पद्धतीच्या ६७० हून १४० रुपयांनी कमी. आणखी एक क्रम घ्या : कारखाने ब, अ, क आणि बाजार प, ह, र, स. ब कडून प ला २०, ह ला २५, र ला ५. अ कडून र ला ३०. क कडून र ला ५ व स ला ३५. हीच ती ५२५ रुपयांची इष्टतम उकल ! एकही सुधारणा न करता वायव्य कोपरा पद्धत थेट मुक्कामी पोचली. उलट कारखाने अ, ब, क आणि बाजार ह, स, र, प असे लिहिले तर अ कडून ह ला २५ व स ला ५, ब कडून स ला ३० व र ला २०, क कडून र ला २० व प ला २० नग जातात आणि खर्च १०२५ रुपये होतो.

समस्या तीच, पद्धतही तीच. केवळ नावांच्या क्रमाने खर्च ५२५ पासून १०२५ पर्यंत हलला. तीन ओळी व चार स्तंभ १४४ क्रमांनी लिहिता येतात. (एखादा क्रम दोन्ही बाजूंनी संपूर्ण उलटा केला तरी उकल बदलत नाही, म्हणून भिन्न उकली फार तर ७२.) निबंधकाराने त्यांतला एकच क्रम, तोही नकळत, निवडलेला असतो. तेव्हा ‘आमच्या पद्धतीने वायव्य कोपऱ्यापेक्षा इतके रुपये वाचविले’ या विधानातून पद्धतीविषयी काहीच कळत नाही. लेखकाने बाजारांची यादी कशी लिहिली होती एवढेच कळते. ज्याला आपली पद्धत उजळ दिसावी असे वाटते, त्याला क्रम निवडून ती हवी तेवढी उजळ दाखविता येईल. असे कोणी हेतुपुरस्सर करतो, असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. ज्या मोजमापात असे करता येते ते मोजमापच टाकाऊ, एवढेच म्हणावयाचे आहे.

येथे कोणी म्हणेल की, वायव्य कोपरा ही दुबळी पद्धत असल्याने तुलना किमान खर्चाशीच करावी. परंतु किमान खर्च पद्धतीलाही तिच्या जातीचा एक दोष आहे, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. समजा ह या बाजाराने तेथे येणाऱ्या प्रत्येक नगावर ५ रुपये कर बसविला. ह च्या स्तंभातील तिन्ही आकडे आता १३, ८ व ७ होतात. ह ला २५ नग येणारच आहेत, मग ते कोठूनही येवोत; म्हणून प्रत्येक शक्य उकलीचा खर्च नेमका १२५ रुपयांनी वाढतो आणि इष्टतम उकल जागची हलत नाही. व्यवहाराच्या दृष्टीने समस्या तीच राहिली. आता किमान खर्च पद्धत पुन्हा लावा. सर्वांत स्वस्त घरे ४ रुपयांची : अ–र मध्ये ३०, क–स मध्ये ३५. अ चा पुरवठा संपला आणि त्याची ५ रुपयांची जागा बाद झाली. पुढे ६ रुपयांची घरे : ब–प मध्ये २०, क–र मध्ये ५, क चा पुरवठाही संपला. उरलेल्या ब ने र ला ५ व ह ला २५ नग पुरविले. ही तीच इष्टतम उकल आहे. खर्च ५२५ अधिक १२५, म्हणजे ६५० रुपये.

ज्या कराने कोणत्याही निर्णयात फरक पडावयास नको, त्या कराने किमान खर्च पद्धतीला २७ टक्क्यांच्या चुकीतून एकदम इष्टतमापर्यंत नेले. दुसऱ्या एखाद्या उदाहरणात असाच निरुपद्रवी कर तिला इष्टतमापासून दूरही नेऊ शकेल. कारण वाहतूक-समस्येत घराच्या एकट्याच्या खर्चाला अर्थ नसतो. अर्थ असतो तो घराघरांतील फरकांना. क–ह हे घर २ रुपयांचे म्हणून स्वस्त दिसले, परंतु ह ला सर्वच कारखान्यांकडून माल तुलनेने स्वस्त जातो की काय, हे किमान खर्च पद्धत विचारीत नाही. u व v हे अंक नेमका हाच प्रश्न विचारतात. सारी सुधारणा-पद्धती त्यांवर उभी आहे ती याच कारणाने. व्होगेल यांची पद्धत दोन किमान खर्चांतील फरक पाहते, म्हणून या दिशेने ती एक पाऊल पुढे आहे. तरीही एकाच स्तंभात भर घातली तर ओळींमधील फरक बदलतात, त्यामुळे हा दोष तिच्यातूनही पुरता जात नाही.

ज्यांना किमान खर्च पद्धत ‘सामान्यतः’ वायव्य कोपऱ्याहून चांगली वाटते त्यांनी दोन ओळी व दोन स्तंभांचे एक छोटे कोष्टक करून पाहावे. पहिल्या ओळीत खर्च ३ व १, दुसऱ्या ओळीत १० व ४. दोन्ही पुरवठे व दोन्ही मागण्या १० नगांच्या. वायव्य कोपरा पद्धत ३ व ४ रुपयांची घरे भरते, खर्च ७०. किमान खर्च पद्धत १ रुपयाचे घर मोहाने पकडते आणि मग १० रुपयांचे घर तिच्या गळ्यात पडते; खर्च ११०. दहाच्या जागी १०० लिहा. वायव्य कोपऱ्याचा खर्च ७० च राहतो, किमान खर्च पद्धतीचा १०१० होतो. यावरून दिसते की, तिची चूक अमुक पटींपलीकडे जाणार नाही अशी कोणतीही हमी देता येत नाही.

येथे वायव्य कोपरा जिंकला तो निव्वळ योगायोगाने नव्हे. कोष्टकातील कोणत्याही दोन ओळी व दोन स्तंभ घेतले असता वरचे डावे व खालचे उजवे घर यांची बेरीज उरलेल्या दोन घरांच्या बेरजेहून जास्त नसेल, तर वायव्य कोपऱ्याची उकल पुरवठा-मागणी कोणतीही असो, इष्टतमच असते. हे हॉफमन यांनी १९६३ साली सिद्ध केले आणि या अटीस माँज यांचे नाव दिले; कारण तिच्या मुळाशी असलेली कल्पना माँज यांच्या १७८१ च्या निबंधात सापडते. येथे ३ + ४ हे १ + १० हून कमी आहे, म्हणून अट पाळली जाते. आपल्या मोठ्या उदाहरणातील सुदैवी क्रम मात्र ही अट पाळीत नाही : ब, अ या ओळी व प, ह हे स्तंभ घेतले तर ६ + ८ हे ३ + ५ हून मोठे आहेत. तेथे इष्टतम उकल मिळाली ती त्या विशिष्ट पुरवठा-मागणीमुळे. उदाहरणात यश येणे आणि सिद्धांताने यश ठरणे यांतील अंतर यापेक्षा स्पष्ट दाखविता येणार नाही. ‘आमची पद्धत थेट इष्टतम उकल देते’ असे चारदोन उदाहरणांच्या बळावर लिहिणाऱ्यांनी या जोडीचा विचार करावा. आपल्याच कोष्टकात वायव्य कोपऱ्यानेही थेट इष्टतम उकल दिली होती. त्यावरून ती पद्धत नेहमी तशी देते असे कोणी म्हणणार नाही.

याच छोट्या कोष्टकात आणखी एक खाच आहे व अनेक निबंध तीत अडखळतात. पहिले घर भरताच तेथे पुरवठा व मागणी एकदमच संपतात. भरलेली घरे दोनच होतात. हवी असतात m + n − 1, म्हणजे तीन. घरे कमी असली की u व v चे सर्व अंक निघत नाहीत आणि परीक्षण अर्ध्यावर अडते. ओळ व स्तंभ एकदम संपले तर दोहोंपैकी एकच खोडावयाचा आणि दुसऱ्याच्या पुढील घरात शून्य नग लिहून ते घर भरलेले मानावयाचे, हा यावरचा नेहमीचा उपाय आहे. निबंध वाचताना प्रत्येक उकलीतील भरलेली घरे मोजावीत. ती m + n − 1 हून कमी असून लेखकाने शून्याचा उल्लेख केला नसेल, तर पुढील ‘इष्टतम’ हा शब्द परीक्षणावाचून लिहिला आहे असे समजण्यास हरकत नाही.

तिसरा आक्षेप टक्केवारीविषयी आहे. काही निबंध रुपयांतील फरकाऐवजी ‘इष्टतमापासून विचलन’ शेकड्यांत देतात आणि अनेक उदाहरणांची सरासरी काढतात. हे अधिक शास्त्रीय दिसते; पण आपल्याच उदाहरणात किमान खर्च पद्धतीचे विचलन पाहा. ५२५ वर १४५ रुपये अधिक, म्हणजे सुमारे २७·६ टक्के. आता प्रत्येक घराच्या खर्चात २० रुपये सरसकट मिळवा, जणू दर नगामागे हमालीच वाढली. स्वस्त-महागाचा क्रम बदलत नाही, म्हणून पद्धत तीच घरे त्याच क्रमाने निवडते आणि उकल जशीच्या तशी राहते. परंतु सर्व उकलींचा खर्च २४०० ने वाढल्याने इष्टतम खर्च २९२५ होतो आणि तेच १४५ रुपये आता केवळ ५ टक्क्यांच्या आसपास भरतात. उकल बदलली नाही, तिची गुणवत्ताही बदलली नाही, तरी टक्केवारी पाचसहा पटींनी घटली. अशा टक्क्यांची भिन्नभिन्न उदाहरणांवरून सरासरी काढणे म्हणजे निरनिराळ्या मापांनी मोजलेले धान्य एका राशीत ओतून त्याचे वजन सांगण्यासारखे आहे.

मग या विषयात करण्यासारखे काहीच नाही काय ? तसे नाही. प्रश्न योग्य रीतीने विचारणारे काम पूर्वी झालेले आहे. ग्लोव्हर, कार्नी, क्लिंगमन व नेपिअर यांनी १९७४ साली प्रारंभिक उकलीचे अनेक नियम, पायरी निवडण्याचे अनेक नियम व सोडवणुकीच्या पद्धती यांची संगणकावर एकत्र कसोटी घेतली. आरंभी खर्च किती आला हा त्यांचा निकष नव्हता. आरंभापासून इष्टतम उकलीपर्यंत एकूण किती वेळ लागला, हा होता. निष्कर्षही मननीय आहे. सुधारलेल्या प्राथमिक पद्धतीस ओळीओळीतील किमान खर्चाचा एक साधा नियम जोडला असता सर्वांत चांगले फळ मिळाले. तो नियम सबंध कोष्टक पुनःपुन्हा चाळीत नाही. एकेक ओळ घेऊन पुढे जातो. त्या काळच्या सी. डी. सी. ६६०० या संगणकावर १००० उत्पादनस्थळे व १००० बाजारांच्या समस्या त्यांनी मध्यमानाने १७ सेकंदांत सोडविल्या. जी समस्या अर्ध्या शतकापूर्वी इतक्या वेळात सुटत होती, तिच्या आरंभिक उकलीतील पाचपन्नास रुपयांचा फरक तीन ओळींच्या कोष्टकावर दाखविणे हे संशोधन आहे काय, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

नव्या पद्धतीचा निबंध पुढे आला तर परीक्षकाने किंवा मार्गदर्शकाने तीन गोष्टी विचाराव्यात, असे या विवेचनावरून सुचते. इष्टतम उकलीपर्यंतच्या एकूण पायऱ्या व एकूण वेळ दिला आहे काय ? ओळी व स्तंभ वेगवेगळ्या क्रमांनी लिहून परिणाम तपासला आहे काय ? आणि एखाद्या ओळीत वा स्तंभात सरसकट रक्कम मिळविली असता पद्धतीची उकल बदलते काय ? यांपैकी तिसरी कसोटी कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत होते, आणि बहुतेक नव्या पद्धतींची परीक्षा तेथेच लागते. ज्या पद्धतीची उकल अशा भरीने बदलते, ती समस्येतील फरकांकडे न पाहता आकड्यांच्या दिसण्याकडे पाहते असे समजावे. तिचा उपयोग करू नये असा याचा अर्थ नव्हे. आरंभ कोठून तरी करावाच लागतो. परंतु तिच्या आरंभिक खर्चावरून तिचे मोल ठरवू नये.

वायव्य कोपऱ्याविषयी शेवटी दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. निबंधांच्या कोष्टकांत तो नेहमी पराभूत म्हणून उभा केला जातो. वस्तुतः त्याचे कार्य निराळे आहे. एकूण पुरवठा व एकूण मागणी सारखी असेल तर शक्य उकल असतेच, हे तो एका ओळीत सिद्ध करतो. पुरवठा-मागणी पूर्णांकी असतील तर पूर्णांकी उकल असते, हेही त्याच्या वजाबाकीच्या रीतीवरून आपोआप दिसते. माँज यांची अट जेथे लागू पडते तेथे तो थेट इष्टतम उकल देतो. खर्च पाहून शहाणे होण्याचा दावा त्याने कधीच केला नव्हता. जो दावा त्याने केला नाही त्यात त्याला हरविल्याचे श्रेय घेणारे निबंध आता थांबावेत, आणि कोष्टकातील शेवटचा स्तंभ प्रारंभिक खर्चाचा न राहता मुक्कामापर्यंतच्या एकूण श्रमाचा व्हावा, एवढेच या लेखाचे मागणे आहे.